गॅलरी आपली, फोटो गावाचे

फोनच्या गॅलरीतला एखादा फोटो उघडून त्याचा तपशील पाहिला, की त्याचं नाव दिसतं. ते नाव IMG-20240907-WA0034.jpg असं असेल, तर त्या फोटोची निम्मी कुंडली तिथेच कळते. 20240907 म्हणजे 7 सप्टेंबर 2024, त्या वर्षीची गणेश चतुर्थी. WA म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. त्यापुढचा आकडा त्या दिवसाचा अनुक्रमांक. हा फोटो फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या दिवशी फोनमध्ये उतरलेला आहे, हे नावावरूनच सांगता येतं. गणपतीच्या दिवसांत हा अनुक्रमांक किती चढतो, हे आपल्याच फोनमध्ये पाहण्यासारखं असतं. नातेवाइकांचे गणपती, सोसायटीचा गणपती, शाळेतल्या वर्गमित्रांच्या घरची आरास, उकडीचे मोदक, आणि एकच शुभेच्छापत्र चार गटांवरून चार वेळा. या गर्दीत स्वतःच्या घरच्या आरतीचा फोटो शोधायला बसलं, की बोट दुखेपर्यंत पडदा सरकवावा लागतो.

ही गर्दी हाताने आवरत बसण्याची गरज नाही. ती गॅलरीत येऊच नये अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. अडचण इतकीच, की ही सोय सेटिंगमध्ये आत कुठेतरी आहे आणि तिच्यासारखं दिसणारं दुसरं एक सेटिंग वेगळ्या जागी आहे. बहुतेकांची फसगत या दोन सेटिंगांमध्ये होते. एक बंद केलं आणि दुसऱ्याचा परिणाम हवा होता, म्हणून "काही उपयोग झाला नाही" असं म्हणून माणसं तो नाद सोडून देतात.

मुळात हे फोटो गॅलरीत येतात कसे, ते आधी पाहू. अँड्रॉइड फोनमध्ये गॅलरी नावाचं कोठार नसतंच. फोटो वेगवेगळ्या फोल्डरांमध्ये असतात. कॅमेऱ्याचे एका ठिकाणी, स्क्रीनशॉट दुसऱ्या ठिकाणी, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले WhatsApp Images नावाच्या फोल्डरमध्ये, व्हिडिओ WhatsApp Video मध्ये. फोनची यंत्रणा या फोल्डरांमधून फिरते, चित्रं आणि चलतचित्रं हुडकते आणि त्यांची यादी करते. गॅलरी ती यादी आपल्यासमोर मांडते. म्हणजे चॅटमध्ये दिसणारा फोटो आणि गॅलरीत दिसणारा फोटो या दोन प्रती नव्हेत. खोली एकच, दारं दोन. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते, कारण एका दाराने आत जाऊन फोटो पुसला, तर दुसऱ्या दारातूनही तो दिसेनासा होतो.

आता त्या दोन सेटिंगांकडे वळू. पहिल्याचं काम, आलेला फोटो आपोआप फोनमध्ये उतरवून घ्यायचा की नाही, हे ठरवणं. दुसऱ्याचं काम, उतरलेला फोटो गॅलरीत दाखवायचा की नाही, हे ठरवणं. पहिलं फोनची जागा आणि इंटरनेटचा डेटा वाचवतं. दुसरं फक्त गॅलरी मोकळी ठेवतं, जागा वाचवत नाही.

फरक किती आहे ते एका उदाहरणाने मोजून पाहता येईल. समजा, साताऱ्यात राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. माजी विद्यार्थ्यांचा गट, सोसायटीचा गट, भजनी मंडळ, माहेरच्या मंडळींचा गट, योगवर्ग, असे पाच-सात गट त्यांच्या फोनवर आहेत. दिवसाला साठ फोटो आणि पाच व्हिडिओ येतात असं धरू. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे एक फोटो साधारण 200 केबीचा धरायला हरकत नाही. साठ फोटोंचे झाले 12 एमबी. व्हिडिओ सरासरी 10 एमबीचा धरला, तर पाचांचे 50 एमबी. दिवसाचे 62 एमबी, महिन्याचे जवळपास 1.9 जीबी, वर्षाचे 22 जीबीच्या आसपास.

या हिशेबात पाहण्यासारखी गोष्ट अशी, की गर्दी करतात ते फोटो आणि जागा खातात ते व्हिडिओ. महिन्याला अठराशे फोटो गॅलरीत शिरतात, पण त्यांनी घेतलेली जागा एकूण जागेच्या पाचव्या हिश्श्याएवढीच आहे. व्हिडिओ महिन्याला दीडशेच, पण उरलेले चार हिस्से त्यांचे. म्हणून बाईंची तक्रार "माझ्या नातवाचे फोटो सापडत नाहीत" ही असेल, तर गॅलरीचं सेटिंग बदलायला हवं. "फोनमध्ये जागा नाही असा संदेश सारखा येतो" ही तक्रार असेल, तर ते सेटिंग बदलून काहीच साधणार नाही, व्हिडिओ आपोआप उतरणं थांबवायला हवं. दोन्ही तक्रारी असतील, तर दोन्ही ठिकाणी जायला हवं.

आधी गॅलरीचं सेटिंग. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जायचं, तिथून "Settings", मग "Chats". त्या पानावर "Media visibility" अशी ओळ आहे. तिच्या शेजारचं बटण बंद केलं, की काम झालं. अ‍ॅपची भाषा मराठी ठेवली असेल, तर शब्द मराठीत दिसतील, जागा हीच. फोन नवा असताना हे बटण चालू असतं, म्हणूनच कोणी काही न करताही गॅलरी भरत जाते. ते बंद केल्यावर येणारे नवे फोटो चॅटमध्ये नेहमीसारखे दिसतात, फक्त गॅलरीत येत नाहीत.

पण सरसकट बंद केलं, तर लेकीने पाठवलेला नातवाचा फोटोही गॅलरीत येणार नाही. त्यासाठी प्रत्येक चॅटचं वेगळं सेटिंग आहे, आणि या सगळ्या प्रकरणातली ती सर्वांत कामाची गोष्ट आहे. लेकीचं चॅट उघडायचं, वर तिच्या नावावर बोट ठेवायचं. जे पान उघडतं, त्यात खाली पुन्हा "Media visibility" दिसतं. त्यात तीन पर्याय असतात: "Default", "Yes" आणि "No". पहिला म्हणजे मुख्य सेटिंग जसं असेल तसं. दुसरा म्हणजे मुख्य सेटिंग काहीही असलं तरी या चॅटमधले फोटो दाखव. तिसरा म्हणजे काहीही असलं तरी दाखवू नको. गटांनाही हेच लागू आहे.

यातून दोन रस्ते निघतात. मुख्य बटण चालू ठेवून त्रासदायक गट एकेक करून बंद करणं हा एक. मुख्य बटण बंद ठेवून हवी ती दोन-चार घरची माणसं उघडी ठेवणं हा दुसरा. पहिला रस्ता सोपा वाटतो, पण तो टिकत नाही. दर लग्नाचा, दर सहलीचा, दर निवडणुकीचा नवा गट निघतो आणि तो मुख्य सेटिंगप्रमाणे चालू अवस्थेतच येतो. घरची माणसं मात्र तीच राहतात. त्यामुळे दुसरा रस्ता धरावा: मुख्य बटण बंद, आणि मुलगा, मुलगी, भावंडं, घरचा गट यांच्यापुरतं "Yes".

उरला तो एखाददुसरा फोटो, जो बंद ठेवलेल्या गटात येतो आणि जपून ठेवावासा वाटतो. वर्गमित्रांच्या गटावर कोणी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो टाकला, तर तो चॅटमध्ये उघडायचा, वरच्या तीन टिंबांवर जायचं आणि "Save" करायचं. तेवढा एक फोटो गॅलरीत येतो. काय ठेवायचं ते आपण ठरवायचं आणि बाकीचं आपोआप बाहेर राहायचं, असा हा उलटा क्रम एकदा बसला, की गॅलरी पुन्हा आपली वाटू लागते.

दुसरं सेटिंग जागेचं. ते "Chats" मध्ये नाही, "Settings" मधल्या "Storage and data" या पानावर आहे. तिथे "Media auto-download" या मथळ्याखाली तीन ओळी असतात: मोबाइल डेटा वापरताना, वाय-फाय असताना आणि रोमिंगमध्ये असताना. प्रत्येकीत फोटो, ध्वनी, व्हिडिओ आणि कागदपत्रं यांच्यापुढे खूण करायच्या चौकटी असतात. घरात वाय-फाय असलेल्या माणसांचा फोन भरतो तो बहुधा मधल्या ओळीमुळे, कारण डेटाचा खर्च नाही म्हणून तिथे सगळ्या चौकटींवर खूण असते. तिथली व्हिडिओपुढची खूण काढली, की आलेला व्हिडिओ चॅटमध्ये धूसर दिसतो, त्यावर त्याचा आकार आणि खाली रोखलेला बाण दिसतो. पाहायचा असेल तर बाणावर बोट ठेवायचं, नाहीतर तो फोनमध्ये उतरतच नाही. शिक्षिकाबाईंच्या हिशेबात एवढ्या एका खुणेने दिवसाचे 50 एमबी वाचतात. बोलून पाठवलेले व्हॉइस मेसेज मात्र या सेटिंगला जुमानत नाहीत, ते नेहमीच आपोआप उतरतात.

आयफोनवर मांडणी निराळी आहे. तिथे सेटिंगचं नाव "Save to Photos". जागा तीच, व्हॉट्सअ‍ॅपच्या "Settings" मधलं "Chats". प्रत्येक चॅटसाठी वेगळं ठरवता येतं, तिथले पर्याय "Default", "Always" आणि "Never" असे आहेत. पण मुख्य फरक नावात नाही, कामात आहे. आयफोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं साठवण वेगळं आणि फोटो अ‍ॅपचं वेगळं. त्यामुळे हे बटण चालू असेल, तर प्रत्येक फोटोची आणि व्हिडिओची दुसरी प्रत तयार होते आणि जागा दुप्पट जाते. शिवाय आयक्लाउडवर फोटो चढवायची सोय चालू असेल, तर सोसायटीच्या गटावरचे पाण्याच्या टाकीचे फोटोही तिकडे जाऊन बसतात, आणि आयक्लाउडवर फुकट मिळते ती जागा फक्त 5 जीबी. म्हणजे आयफोनवर हे एक बटण बंद केल्याने गर्दीही थांबते आणि जागाही वाचते. अँड्रॉइडवर दोन बटणांना मिळून जे साधतं, त्यातलं बरंचसं इथे एकात होतं.

आतापर्यंत जे सांगितलं, ते सगळं नव्याने येणाऱ्या फोटोंपुरतं. आधी येऊन बसलेले हजारो फोटो या सेटिंगाने हलत नाहीत. बटण बंद करून लोक गॅलरी उघडतात, सगळं जिथल्या तिथे दिसतं आणि सेटिंग बिघडलंय असं वाटतं. ते बिघडलेलं नसतं.

या जुन्या फोटोंच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती गॅलरीत जाऊन सगळे निवडून पुसून टाकण्याची. अँड्रॉइडवर फाइल एकच असते, हे वर आलंच आहे. गॅलरीतून पुसलेला फोटो चॅटमधूनही जातो, तिथे नुसती धूसर चौकट उरते. ती पुन्हा उतरवायला गेलं, तर जुन्या फोटोच्या बाबतीत व्हॉट्सअ‍ॅप सांगतं, की पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप आपल्या संगणकांवर फोटो कायमचे ठेवत नाही. वडिलांनी पाठवलेला एखादा फोटो असेल आणि वडील आता नसतील, तर तो पुन्हा कोण पाठवणार? म्हणून पुसण्याआधी निवड करायला हवी.

निवडीसाठी गॅलरीपेक्षा चांगली जागा व्हॉट्सअ‍ॅपमध्येच आहे. "Storage and data" मध्येच "Manage storage" असं पान आहे. तिथे 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइल एका ठिकाणी मिळतात, अनेकदा पुढे ढकलले गेलेले संदेश वेगळ्या ठिकाणी मिळतात, आणि त्याखाली सगळी चॅट जागेच्या उतरत्या क्रमाने लागलेली असतात. कोणता गट किती जागा अडवून बसलाय, ते तिथे एका नजरेत दिसतं. घरच्या चॅटला हात न लावता फक्त सोसायटीच्या गटातले व्हिडिओ काढून टाकणं इथे जमतं, गॅलरीत जमत नाही, कारण गॅलरीत सगळ्या गटांचे फोटो एकत्र मिसळलेले असतात.

आणि काहीच पुसायचं नसेल, नुसतं नजरेआड करायचं असेल, तर त्यालाही उपाय आहे. अँड्रॉइडच्या यंत्रणेचा एक जुना नियम आहे: ज्या फोल्डरमध्ये .nomedia नावाची फाइल असेल, त्या फोल्डरमधली चित्रं यादीत घ्यायची नाहीत. फाइल रिकामी असली तरी चालतं, नाव तेवढं नेमकं हवं, सुरुवातीच्या टिंबासकट. अलीकडच्या अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो असतात ते ठिकाण असं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

फाइल मॅनेजर अ‍ॅपने या फोल्डरमध्ये जाऊन .nomedia नावाची रिकामी फाइल बनवली, की काही वेळाने, कधी फोन बंद करून चालू केल्यावर, त्यातले सगळे फोटो गॅलरीतून दिसेनासे होतात. फोटो जागेवरच असतात, चॅटमध्येही दिसतात. ती फाइल काढून टाकली, की ते गॅलरीत परत येतात. व्हिडिओंसाठी हेच WhatsApp Video मध्ये करावं लागतं. मात्र हा उपाय सरसकट आहे. लेकीच्या चॅटला "Yes" दिलं असलं, तरी तिचे फोटो याच फोल्डरमध्ये येतात, त्यामुळे तेही लपतील. ज्यांना चॅटनिहाय निवड हवी आहे, त्यांनी या वाटेला न गेलेलं बरं. ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपचं काहीच गॅलरीत नको, त्यांच्यासाठी ती चांगली आहे.

फोनपुरतं झालं, तरी गूगल फोटोज उरतं. तिथे फोटो आपोआप वर चढवायची सोय असते. कॅमेऱ्याचे फोटो तर चढतातच, बाकीच्या फोल्डरांसाठी ते अ‍ॅप विचारतं, आणि अनेकांनी कधीतरी न वाचताच "हो" म्हटलेलं असतं. 1 जून 2021 पर्यंत थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही साठवले, तरी ते मोजले जात नव्हते. त्या दिवसापासून प्रत्येक नवा फोटो गूगलच्या 15 जीबी फुकट जागेत मोजला जातो, आणि त्याच 15 जीबीत जीमेलही बसतं. शिक्षिकाबाईंचे फोटो-व्हिडिओ सगळे वर चढत असतील, तर महिन्याच्या 1.9 जीबीने ही जागा आठ महिन्यांत भरते. मग ईमेल येणं थांबण्याची वेळ येते आणि लोक जागा विकत घेतात. त्याआधी गूगल फोटोजच्या सेटिंगमध्ये "Backup" आणि तिथून "Back up device folders" उघडून पाहावं. WhatsApp Images आणि WhatsApp Video यांच्यापुढचं बटण चालू असेल, तर बंद करावं. आधी चढलेलं मात्र तिथेच राहतं, ते वेगळं काढावं लागतं. आणि तिथेही एक धोका आहे. गूगल फोटोजमधून फोटो काढला, तर तो वरूनही जातो आणि फोनमधूनही. वर चढलेला फोटो 60 दिवस तिथल्या टोपलीत राहतो, तेवढ्यात चूक लक्षात आली तर परत आणता येतो.

सगळं नीट बसलंय का, हे पाहण्याची खात्रीची रीत साधी आहे. ज्याचं चॅट बंद ठेवलंय अशा कोणाला तरी एक नवा फोटो पाठवायला सांगायचा. तो उतरल्यावर गॅलरी पाहायची. नसेल, तर जमलं. असेल, तर त्या चॅटच्या पानावर जाऊन "Yes" तर राहिलं नाही ना, ते पाहायचं, कारण चॅटचं सेटिंग मुख्य सेटिंगापेक्षा वरचढ असतं. दुकानदारांच्या फोनवर बहुधा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अ‍ॅप असतं. त्याचं फोल्डरही वेगळं आणि सेटिंगही वेगळं, एकात बदललेलं दुसऱ्यात बदलत नाही. नवा फोन घेतल्यावर तर ही तपासणी करावीच.

भारतात हा प्रश्न किती मोठा आहे, याची दखल गूगलनेही घेतली होती. डिसेंबर 2017 मध्ये कंपनीने फाइल्स गो नावाचं अ‍ॅप आणलं, आज त्याला फाइल्स बाय गूगल म्हणतात. भारतातले फोन "सुप्रभात"च्या चित्रांनी भरून अडतात, हे गूगलच्या संशोधकांच्या ध्यानात आलं आणि ती चित्रं ओळखून एकत्र पुसायची सोय त्या अ‍ॅपमध्ये करण्यात आली. जानेवारी 2018 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने त्यावर मोठी बातमी केली. व्हॉट्सअ‍ॅपने गॅलरीत दाखवण्या-न दाखवण्याचं सेटिंग आणलं तेही त्याच वर्षी.

गर्दी आणि जागा यांच्यापलीकडे एक तिसरं कारण आहे, आणि ते खरं तर पहिलं असायला हवं. गॅलरीत जे आहे, ते फक्त फोनच्या मालकाला दिसतं असं नाही. फोटो पाहण्याची परवानगी ज्या ज्या अ‍ॅपला दिली, त्या प्रत्येकाला ती यादी खुली होते. फोटो सजवायचं एखादं अ‍ॅप घेतलं आणि सगळ्या फोटोंची परवानगी दिली, तर भावाने पाठवलेला आईचा रक्ततपासणीचा अहवाल आणि बँकेच्या पासबुकाचं पहिलं पानही त्यात आलं. जुलै 2019 मध्ये सिमँटेक या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो सामायिक साठवणात लिहिला गेल्यावर आणि तो माणसाला दिसण्यापूर्वी, फोनमधलं एखादं दुष्ट अ‍ॅप त्यात बदल करू शकत होतं. बिलाच्या फोटोतला खाते क्रमांक बदलण्यापर्यंत. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय होता हेच बटण बंद करण्याचा. त्यानंतर अँड्रॉइडने नियम कडक केले. एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या फाइलींत ढवळाढवळ करणं अवघड झालं आणि अँड्रॉइड 14 पासून अ‍ॅपला सगळे फोटो न देता निवडक फोटोच देता येतात. तरी सगळे फोटो देऊन टाकण्याची सवय सुटलेली नाही.

बटण बंद केल्यावर येणारे फोटो गॅलरीच्या यादीत राहत नाहीत, त्यामुळे फोटोंची परवानगी असलेल्या साध्या अ‍ॅपला ते मिळत नाहीत. पण लपलेलं म्हणजे कुलूपबंद नव्हे. सर्व फाइलींची परवानगी असलेला फाइल मॅनेजर ते पाहू शकतो, आणि ज्याच्या हातात उघडा फोन आहे त्याला चॅट उघडून सगळंच पाहता येतं.

इतर अ‍ॅपांचं थोडक्यात सांगायचं, तर टेलिग्रामवर "Data and Storage" मध्ये "Save to Gallery" असतं. ते मुळात बंद असतं आणि व्यक्ती, गट, चॅनेल यांच्यासाठी वेगवेगळं चालू करता येतं. सिग्नल आपणहून काहीच गॅलरीत टाकत नाही, हवा तो फोटो आपण जतन करायचा.

आता उलट्या बाजूने. आपण पाठवलेले फोटो दुसऱ्याच्या गॅलरीत जातात, त्याचं काय? महाराष्ट्रात गावोगावी झेरॉक्सच्या दुकानात आणि ई-सेवा केंद्रात आता हीच पद्धत पडली आहे. "या नंबरवर पाठवा, प्रिंट काढतो." आधार कार्ड, पॅन कार्ड, सातबारा, जातीचा दाखला, मुलीची गुणपत्रिका, सगळं दुकानदाराच्या फोनवर जातं. त्याच्या फोनवर ते बटण चालू असेल, तर ती कागदपत्रं त्याच्या गॅलरीत बसतात, आणि गूगल फोटोजमध्ये तो फोल्डर चालू असेल, तर तिकडेही. दुकानदार प्रामाणिक असला, तरी त्याचा फोन दिवसभर काउंटरवर पडलेला असतो आणि तिथे काम करणारी चार माणसं तो हाताळतात.

प्रिंट झाल्यावर आपण पाठवलेला संदेश "Delete for everyone" करता येतो, त्यासाठी दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो. पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. समोरच्याचा आयफोन असेल, तर त्याच्या फोटो अ‍ॅपमध्ये गेलेली प्रत तशीच राहते, हे व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच सांगतं. कोणताही फोन असला, तरी गूगलवर चढलेल्या प्रतीला या पुसण्याने धक्का लागत नाही. एप्रिल 2025 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने "Advanced chat privacy" नावाची सोय आणली. ती चॅटच्या पानावर चालू केली, की त्या चॅटमधले फोटो समोरच्याच्या फोनमध्येही आपोआप जतन होत नाहीत. एकेक फोटो हाताने जतन करायला किंवा स्क्रीनशॉट घ्यायला मात्र ती अडवत नाही. एकदाच पाहता येणारा, "View once"चा फोटो गॅलरीत जात नाही हे खरं, पण तो जतनही होत नाही, पुढे पाठवताही येत नाही, तेव्हा प्रिंटच्या कामाला तो निरुपयोगी.

म्हणून केंद्रावर कागदपत्र पाठवण्याआधी "Advanced chat privacy" चालू करावी, आणि प्रिंट हातात आल्यावर, पैसे देण्याआधी, दुकानदाराला आपल्यासमोर चॅट आणि गॅलरी दोन्हीकडून ती फाइल काढायला सांगावी. आधार कार्डाचा फोटो देणाऱ्या प्रत्येकाचा तो हक्क आहे, आणि केंद्र चालवणाऱ्यांनी आपल्या फोनवरचं "Media visibility" आजच बंद करावं.